विचारत फिरावे लागू नये असा पत्ता



लग्नपत्रिका असो, वर्षावासाच्या समारोपाचे पत्रक असो की मुलाच्या नोकरीचा अर्ज असो, पत्ता लिहिताना आपल्या हातून एक शब्द हटकून लिहिला जातो. तो शब्द म्हणजे "जवळ". बुद्ध विहाराजवळ, पाण्याच्या टाकीजवळ, रेशन दुकानासमोर, जिल्हा परिषद शाळेच्या मागे. परदेशात जाऊन आलेली मंडळी यावर हसतात. तिकडे घराचा नंबर आणि रस्त्याचे नाव लिहिले की पत्र पोहोचते, आपल्याकडे मात्र अर्धा भूगोल सांगावा लागतो, असे ते म्हणतात. म्हणणे खरे आहे. पण त्यामागचे कारण आपले अडाणीपण नव्हे.

बाबासाहेबांचेच दोन पत्ते घ्या. १९२१-२२ साली ते लंडनमध्ये राहिले तो पत्ता होता १०, किंग हेन्रीज रोड. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेतले, आज तेथे स्मारक आहे. लंडनच्या माणसाला हा पत्ता सांगितला तर तो "कशाजवळ?" असे विचारणार नाही. कारण तेथे नंबर म्हणजे जागा. १८५५ साली लंडनसाठी कायदा झाला, त्यानुसार रस्त्यांची नावे आणि घरांचे नंबर यांची शिस्त लावण्याचा अधिकार एका मंडळाकडे गेला. बहुतेक रस्त्यांवर एका बाजूला विषम नंबर, दुसऱ्या बाजूला सम. दहा नंबर हवा असेल तर आठच्या पुढे चालायचे. दुसरा पत्ता मुंबईचा. परळच्या पोयबावडीतील बी.आय.टी. चाळ नंबर १, खोली नंबर ५० आणि ५१. येथेही नंबर म्हणजे जागा, कारण इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आधी चाळ बांधली, खोल्यांना ओळीने नंबर टाकले आणि माणसे नंतर राहायला आली.

आमच्या कळसाडीसारख्या गावात क्रम उलटा असतो. आधी माणसे आली, त्यांनी घरे बांधली, घराघरांमध्ये जी मोकळी जागा उरली तिची गल्ली झाली आणि कागद सर्वांत शेवटी आला. तो कागद म्हणजे ग्रामपंचायतीची घरपट्टीची आकारणी नोंदवही, जिला कार्यालयात "नमुना ८" म्हणतात. आपल्या घरपट्टीच्या पावतीवर जो घर क्रमांक असतो तो या वहीतला. मी कारकुनी करणारा माणूस आहे, वही कशी वाढते ते मला चांगले ठाऊक आहे. नवे घर झाले की पुढचा क्रमांक. दोन भाऊ वेगळे झाले की ११४ चे ११४/१ आणि ११४/२. एखाद्याला रमाई आवास योजनेतून घरकुल मिळाले आणि ते वस्तीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले तर त्याला त्या वर्षीचा क्रमांक. त्यामुळे ११४ च्या शेजारी ३८६ असणे यात आश्चर्य काहीच नाही. तो क्रमांक पट्टी वसूल करण्यासाठी आहे, घर शोधण्यासाठी नाही. आधार कार्डावर, अर्जावर तो जरूर लिहावा, तेथे तो कामाचा आहे. पण मोटारसायकलवर पार्सलांची मोठी पिशवी घेऊन आलेल्या मुलाला तो काडीचाही उपयोगी नाही.

मग इतकी वर्षे आपली पत्रे पोहोचली कशी? पोस्टमनमुळे. पोस्टमन त्याच भागातला, वर्षानुवर्षे तोच. पाकिटावर नुसते नाव आणि "मु. पो." असले तरी हा कोणाचा मुलगा, याचे घर कोठे, सून माहेरी गेली आहे का, इतके सगळे त्याला ठाऊक. म्हणजे आपला जुना पत्ता हा ओळखीच्या माणसासाठी लिहिलेला पत्ता होता. आजचा पार्सलवाला ओळखीचा नाही. तो तालुक्याच्या गावाहून येतो, आज आला तो उद्या येईलच असे नाही आणि पिशवीतली सगळी पार्सले संपवल्याशिवाय त्याला परतता येत नाही. एका घराला पंधरा मिनिटे देणे त्याला परवडत नाही. फोन लागला नाही तर तो "घर सापडले नाही" असा शेरा मारून पुढे जातो.

येथे "मु. पो." बद्दल थोडे सांगतो, कारण चूक येथूनच सुरू होते. "मु." म्हणजे मुक्काम, आपण राहतो ते गाव. "पो." म्हणजे ज्या डाकघरातून आपली टपाल वाटली जाते ते ठिकाण. दोन्ही एकच असतील तरच "मु. पो." एकत्र लिहावे. गावात डाकघर नसेल तर "मु." अमुक आणि "पो." तमुक असे वेगळे लिहावे. पिन कोड डाकघराचा असतो. गावाचा नाही, तालुक्याचा नाही आणि जिल्ह्याचाही नाही. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. येथील पिन ४२५ ने सुरू होतात, जळगाव शहराचाही ४२५ नेच सुरू होतो, आणि धुळे जिल्ह्यात राहिलेल्या शिरपूर-दोंडाईचाचाही ४२५ नेच. धुळे शहराचा मात्र ४२४. तेव्हा शेजारच्या तालुक्यातील पाहुण्यांच्या पत्रिकेवरून अंदाजाने पिन उतरवू नये, आपल्या डाकघरात विचारून घ्यावा.

ही पिनची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ. देशात एकाच नावाची कितीतरी गावे आणि पत्ते लिहिण्याच्या भाषा अनेक, यातून वाट काढण्यासाठी त्यांनी हे सहा आकडे योजले. ही अडचण आपल्या समाजाइतकी दुसऱ्या कोणाला क्वचितच कळेल. आपण जेथे वसलो तेथे प्रेमाने तीच नावे दिली. भीमनगर, सिद्धार्थनगर, पंचशीलनगर, रमाबाई नगर. नुसत्या मुंबईत सिद्धार्थनगर वरळीलाही आहे आणि गोरेगावलाही. नावाचा अभिमान बाळगावाच, पण पिनशिवाय नुसते "सिद्धार्थनगर" लिहिणे म्हणजे पार्सल वाऱ्यावर सोडणे होय.

आता पिनमुळे पार्सल योग्य डाकघरापर्यंत किंवा योग्य गावापर्यंत आले. गावाच्या तोंडापासून आपल्या दारापर्यंतचा शेवटचा तुकडा राहिला. तो तुकडा खुणांनीच पार पडतो, आणि नेमका येथेच आपल्या वस्त्यांचा प्रश्न इतरांपेक्षा वेगळा आहे.

गावात खूण म्हणून जे सांगितले जाई ते फार करून जातीचे नाव असे. अमका वाडा, तमकी गल्ली. गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीला तर दुसरा पत्ताच नव्हता. शाळेच्या दाखल्यावर, पाकिटावर, सरकारी यादीत तेच नाव. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्यात महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती होती, तशीच ब्राह्मणवाडा आणि माळी गल्लीही होती, आणि बौद्धवाडाही होता. त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली गेली.

निर्णय चांगला झाला. पण फलक बदलला म्हणून तोंडे बदलत नाहीत. पार्सलवाला गावात येतो, चौकात मोटारसायकल उभी करतो आणि पारावर बसलेल्यांना विचारतो, "समतानगर कुठे?" तेथे कोणीतरी म्हणतो, "असं काही नाही आपल्या गावात." दुसरा म्हणतो, "अरे, तो तिकडचा वाडा म्हणत असेल," आणि जुने नाव भर चौकात पुन्हा एकदा घेतले जाते. हा अनुभव टाळण्यासाठी आपल्यातील काही लोक पत्त्यात कंस करून "जुना अमुक वाडा" असे स्वतःच लिहितात. पार्सल लवकर मिळते, हे खरे आहे. पण जे नाव पुसायला ठराव केले ते स्वतःच्या हाताने पुन्हा कशाला छापायचे? शिवाय त्या पार्सलावर ते नाव दुकानदारापासून गोदामापर्यंत दहा जण वाचतात.

यावर माझ्या मते एकच उपाय आहे. पत्ता असा लिहावा की त्या मुलाला तोंडाने विचारावेच लागू नये, त्याने डोळ्यांनी पाहत पाहत दारात यावे. त्यासाठी लोकांना ठाऊक असलेली खूण न देता, अनोळखी माणसाला दिसणारी खूण द्यावी. "सरपंचांच्या घरामागे" ही ठाऊक असण्याची खूण झाली. सरपंचांचे घर कोठे हे पुन्हा विचारावेच लागते. "बुद्ध विहाराची कमान" ही दिसण्याची खूण झाली, कारण कमानीवर नाव लिहिलेले असते. पंचशील ध्वज, बाबासाहेबांचा पुतळा, शाळेची भिंत, पाण्याची उंच टाकी, विजेची डीपी या सगळ्या दिसणाऱ्या खुणा.

दिसणारी प्रत्येक खूण टिकतेच असे नाही. आपल्या नंदुरबारकडे मिरचीच्या पथाऱ्या असतात. हंगामात लाल मिरचीने भरलेली पथारी लांबून दिसते, त्यामुळे लोक सहज "पथारीजवळ" असे सांगून जातात. पावसाळ्यात तेथे नुसते रान उरते. उसाच्या शेताचेही तसेच. उभा ऊस घर झाकतो, तोडणी झाली की खूणच नाहीशी होते. निवडणुकीचा फलक, चहाची टपरी, बंद पडलेल्या दुकानाची पाटी यांवर भरवसा ठेवू नये. "जुन्या टाकीजवळ" असे तर मुळीच लिहू नये; जुनी टाकी पाडून पाच वर्षे झालेली असतात आणि ती फक्त आपल्या डोक्यात उभी असते. गावात एकच असेल तीच खूण घ्यावी. हातपंप दोन असतील तर हातपंप बाद.

आता हे एका उदाहरणाने पाहू. समजा, नाशिकला कामाला असलेल्या मुलाने कळसाडीत राहणाऱ्या आपल्या आईसाठी रक्तदाबाच्या महिनाभराच्या गोळ्या पाठवल्या. घरातल्या गोळ्या चार दिवस पुरतील इतक्याच आहेत. मुलाने पत्ता लिहिला: आईचे नाव, बौद्धवाडा, समाजमंदिराजवळ, मु. पो. कळसाडी, जि. नंदुरबार. पहिल्या दिवशी मुलगा येऊन चौकातून परत गेला. आई मजुरीला शेतात होती, फोन घरात चार्जिंगला लावलेला. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. अशा वेळी पार्सल बहुधा पाठवणाऱ्याकडे परत जाते.

या पत्त्यात काय बिघडले? पिन नाही. वस्तीचे नाव असे की ते शोधायला विचारावे लागते. "समाजमंदिराजवळ" म्हणजे कोणत्या बाजूला आणि कितवे घर, हे नाही. आणि फोन एकच, तोही आईचा.

तोच पत्ता असा लिहिता येईल. नाव, वस्तीचे नवे नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन या ओळी रीतीप्रमाणे. मात्र खुणेसाठी जी वेगळी ओळ असते तिच्यात वाट लिहावी. येथील खुणा समजावण्यासाठी धरलेल्या आहेत, आपण आपापल्या वस्तीतल्या घालाव्यात:

"फाट्यावरून गावात येताना उजव्या हाताला जि. प. शाळा. शाळेची भिंत संपताच उजवीकडे वळा. समोर बुद्ध विहाराची कमान दिसते. गाडी कमानीपाशी लावा, आत बोळ अरुंद आहे. आत डाव्या हाताचे तिसरे घर, हिरवे लोखंडी दार."

यात सुरुवात फाट्यावरून केली आहे, ती मुद्दाम. उजवा-डावा हात हा येणाऱ्या माणसाचा असतो, आपल्या ओट्यावर बसलेल्या माणसाचा नाही. गावाला दोन रस्ते असतील तर तो कोणत्या बाजूने येईल हे आधी सांगितल्याशिवाय "उजवीकडे" या शब्दाला अर्थ राहत नाही. "समोर" आणि "मागे" हे शब्दही असेच फसवे आहेत. विहाराचे दार पूर्वेला आणि येणारा पश्चिमेकडून आला तर आपले "मागे" त्याचे "समोर" होते. म्हणून "विहाराच्या मागे" असे न लिहिता "विहार ओलांडून पुढे" किंवा "विहाराच्या अलीकडे" असे लिहिले की घोळ होत नाही. अंतर सांगायचे असेल तर मीटर किंवा फर्लांग सांगू नये. विजेचे खांब मोजून सांगावेत, मोटारसायकलवरून ते मोजता येतात. खुणा तीनच पुरेत. रस्त्यावरून दिसणारी एक, जेथे वळायचे तेथे एक आणि दाराची एक. पाच-सहा खुणा दिल्या तर तो मुलगा गाडी चालवताना त्या लक्षात ठेवू शकत नाही. शिवाय अनेक ठिकाणी चिठ्ठीवर मोजकीच अक्षरे छापली जातात आणि शेवटचा मजकूर कापला जातो. म्हणून महत्त्वाचे आधी लिहावे.

फोन दोन द्यावेत. दुसरा घरी हमखास असणाऱ्या माणसाचा असावा. शेजारची किराणा दुकानदार ताई असो की अंगणवाडीतली मदतनीस, तिला आधी विचारून.

मोबाइलवरून मागवताना नकाशावर जागा दाखवता येते, मग एवढे लिहायचे कशाला, असे तरुण मुले विचारतात. जागा जरूर दाखवावी. पण तेथेही एक गंमत होते. नुसते गावाचे नाव टाकले आणि बोटाने जागा नीट धरली नाही, तर नकाशावरील खूण बहुधा गावाच्या मध्यभागी जाऊन बसते. आपली वस्ती गावाच्या कडेला, म्हणून पार्सलवाला नेमका चौकात येतो आणि विचारपूस सुरू होते. घरात पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली बसून जागा दाखवली तर आकाशातील उपग्रहांचा संदेश नीट मिळत नाही, आणि खूण शेजारच्या गल्लीत पडते. म्हणून अंगणात, मोकळ्या आभाळाखाली उभे राहावे, मिनिटभर थांबावे. आपण उभे आहोत तेथे निळा ठिपका दिसतो, त्याच्याभोवतीचे फिकट वर्तुळ लहान झाले म्हणजे जागा नक्की झाली असे समजावे. ते वर्तुळ चार-पाच घरांवर पसरलेले असेल तर थांबावे किंवा बोटाने नकाशा मोठा करून खूण आपल्या छपरावर आणून ठेवावी. गावाचे नाव यादीतून निवडता येत असेल तर निवडावे, स्वतः टाइप करू नये. इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने बदलले तरी यंत्राला ते दुसरे गाव वाटू शकते.

टपाल खात्याने २०२५ साली डिजिपिन नावाची नवी पद्धत आणली आहे. सबंध देशाचे सुमारे चार मीटर लांब, चार मीटर रुंद असे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांचा एक संकेत दिला आहे. म्हणजे आपल्या ओट्यालाही स्वतःचा संकेत मिळाला, मग घर क्रमांक ओळीने असो वा नसो. ही गोष्ट मला मोलाची वाटते, कारण या संकेतात कोणाची जात, कोणाचा वाडा काही येत नाही. पण तो संकेत नेहमीच्या पत्त्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. आणि ज्याच्या हातात मोबाइल नाही किंवा ज्याच्या मोबाइलला गावात रेंज नाही, त्याला तो वाचून वाट सापडणार नाही. कमान मात्र सापडेल.

म्हणून मंडळांना एक काम सुचवतो. विहाराच्या कमानीवर वस्तीचे नवे नाव आणि गावाचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावे. पुष्कळ कमानींवर देणगीदारांची नावे ठळक असतात आणि वस्तीचे नाव कोठेच नसते. रस्त्याच्या वळणावर वस्तीच्या नावाचा फलक नसेल तर ग्रामसभेत विषय मांडून तो लावून घ्यावा. तसेच वस्तीचे नाव बदलले म्हणून आधार कार्ड, बँकेचे पुस्तक, रेशन कार्ड यांवरील पत्ता आपोआप बदलत नाही, तो ज्याचा त्याने अर्ज करून बदलून घ्यावा लागतो. नाहीतर बँकेतून येणारे पाकीट जुन्याच नावाने येत राहते.

लिहिलेला पत्ता बरोबर आहे की नाही हे आपल्याला स्वतःला कळत नाही, कारण आपल्याला वाट पाठ असते. परगावचा, वस्तीत कधीही न आलेला पाहुणा येणार असेल तेव्हा त्याला ही चिठ्ठी आधी पाठवावी आणि "कोणाला विचारू नका, फोनही करू नका, चिठ्ठी वाचत या" असे सांगावे. तो जेथे अडखळला ती ओळ बदलावी.

बदललेली चिठ्ठी स्वच्छ अक्षरात लिहून घरात दाराजवळच्या भिंतीवर, लहान मुलालाही वाचता येईल इतक्या उंचीवर चिकटवावी. रात्री-अपरात्री १०८ ला फोन केला तर पलीकडचा माणूस गाव, तालुका आणि जवळची खूण हेच विचारतो. तेव्हा घरात घाबरलेली म्हातारी आणि नातू एवढेच असले, तरी नातवाला भिंतीवरचे वाचून दाखवता येते. फक्त एक ओळ जास्त लिहावी: रात्री कमानीपाशी दिवा असतो की नाही. नसेल तर कोणीतरी बॅटरी घेऊन फाट्याकडे उभे राहावे.